डोक्याच्या सीटीत दिसलेला काळा पट्टा आणि कवटीलगतची पांढरी कडा: माझे वाचन कुठे चुकले?

मांजराकाठ

नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी मी जनरल प्रॅक्टिस करतो. आमच्याकडे १६ स्लाइसचे सीटी यंत्र आहे, पण रात्री काढलेल्या सीटीचा लेखी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. त्यामुळे रात्रीचा निर्णय आम्हालाच प्रतिमा पाहून घ्यावा लागतो. मागच्या महिन्यात एक सीटी मी चुकीचे वाचले. ते नेमके कुठे चुकले हे मला नीट समजून घ्यायचे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

केजकडच्या एका वस्तीवरचे ६२ वर्षांचे काका संध्याकाळी मोटारसायकलवरून पडले. दोन उलट्या झाल्या होत्या आणि चक्कर येत होती. बोलणे सुसंगत होते, हातापायांत ताकद सारखी होती, पण ते एका जागी पडून राहायला तयार नव्हते आणि सारखे उठून बसू पाहत होते. रात्री नऊच्या सुमारास डोक्याचे साधे सीटी केले.

मला तीन गोष्टी दिसल्या. पहिली, मेंदूच्या बुंध्यातल्या पॉन्समधून आडवा गेलेला, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाणारा काळपट पट्टा. दुसरी, बरेच वर, डाव्या बाजूला कवटीला लागून चंद्रकोरीसारखी पांढरी कडा, लागोपाठ तीन स्लाइसमध्ये. तिसरी, कानाच्या पातळीवरच्या पांढऱ्या-काळ्या रेघा. काकांच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला सोन्याची बाळी होती, ती लग्नापासूनची असून निघत नाही असे मुलाने सांगितले होते, त्यामुळे रेघा तिच्याच आहेत हे मला कळले आणि त्यांच्याकडे मी पुन्हा पाहिले नाही.

पॉन्समध्ये रक्तपुरवठा तुटून इन्फार्क्ट झाला, त्यामुळे तोल जाऊन काका पडले, आणि पडल्यामुळे कवटी आणि मेंदू यांच्या मधे सबड्यूरल रक्तस्राव झाला, अशी संगती मी लावली. ॲस्पिरिन देण्याचा विचार मनात आला होता, पण सबड्यूरल दिसत असल्यामुळे हात आखडला. रातोरात त्यांना छत्रपती संभाजीनगरला पाठवले.

तिथे पहाटे बाळी कापून काढली, काका तोवर शांत झाले होते, आणि सीटी पुन्हा केले. पॉन्समधला पट्टा फिकट झाला होता, कवटीलगतची कडा नव्हतीच, आणि उजव्या टेम्पोरल लोबच्या तळाशी मेंदूला मार बसल्याचे सुमारे ९ मिलिमीटरचे रक्ताळलेले कन्ट्युजन होते, जे मला मुळीच दिसले नव्हते. म्हणजे जे नव्हते ते मी पाहिले आणि जे कदाचित होते ते सोडून दिले. हे पडद्यावर ओळखता आले असते का?

दुधनाकाठ

मी परभणीत भौतिकशास्त्र शिकवतो. डॉक्टर नाही, त्यामुळे निदानाबद्दल बोलणार नाही, पण काळ्या पट्ट्याचे कारण सांगू शकतो.

नळीतून निघणारा क्ष-किरणांचा झोत एकाच शक्तीचा नसतो, त्यात दुबळे आणि जोरकस किरण मिसळलेले असतात. पंढरपूरला निघालेल्या मोठ्या दिंडीचे उदाहरण घ्या. पहिल्या टप्प्यात जे अशक्त असतात ते मागे राहतात, आणि दुसऱ्या टप्प्यात चालणारे सगळे धडधाकट असल्यामुळे फारसे कोणी गळत नाही. आता एखाद्याने केवळ गळालेली माणसे मोजून वाटेची कठीणता ठरवली, तर दुसरा टप्पा सोपा होता असा त्याचा समज होईल, जरी दोन्ही टप्पे सारखेच अवघड असले तरी. कानाच्या आतले पीट्रस हाड शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडांपैकी आहे, आणि ते दोन्ही बाजूंना समोरासमोर असते. एका हाडातून गेलेला झोत दुसऱ्या हाडात शिरतो तेव्हा त्यात जोरकस किरणच उरलेले असतात, त्यामुळे यंत्राला त्या रेषेवर वस्तू आहे त्यापेक्षा विरळ वाटते आणि मधला भाग काळा रंगतो. झोत असा कडक होत जातो म्हणूनच याला बीम हार्डनिंग म्हणतात.

हा दोष जन्मापासूनचा आहे. हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी झाले तेव्हा डोके पाण्याच्या आवरणात ठेवत असत, आणि झोताला सगळीकडून सारखीच जाडी ओलांडावी लागावी हा त्यामागचा एक हेतू होता. आता ती दुरुस्ती यंत्रातले गणितच करते. त्यामुळे आजच्या यंत्रावर असा पट्टा दिसत असेल, तर यंत्राचे कॅलिब्रेशन चुकले आहे असे मला वाटते.

बालाघाट

मी लातूरला रेडिओलॉजिस्ट आहे, या कामाला आता बावीस वर्षे झाली. दुधनाकाठ सरांनी दिंडीचे उदाहरण फार नेमके दिले आहे, मात्र शेवटचे वाक्य बरोबर नाही. यंत्राची मूळ दुरुस्ती समोरची वस्तू पाण्यासारखी आहे असे धरून केलेली असते. मेंदू, स्नायू, यकृत यांना ती पुरते. हाड पाण्यासारखे वागत नाही, म्हणून हाडासाठी वेगळी दुरुस्ती नंतर करावी लागते, आणि ती यंत्राने केली तरी थोडा पट्टा मागे राहतोच. पीट्रस हाडांमधला पट्टा उत्तम कॅलिब्रेशन असलेल्या यंत्रावरही दिसतो, तेव्हा यंत्राला दोष देऊ नये.

मांजराकाठ डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देते. तीनही गोष्टी पडद्यावर ओळखता येण्यासारख्या होत्या, पण प्रत्येकीची खूण वेगळी आहे.

पट्ट्यापासून सुरुवात करू. मी अशा वेळी पट्ट्यात आणि पट्ट्याबाहेर मिळून तीन ठिकाणी घनतेचे आकडे मोजते. पॉन्समध्ये पट्ट्यात एक, पट्ट्याच्या वर किंवा खाली निरोगी दिसणाऱ्या पॉन्समध्ये एक, आणि पट्टा ज्या पाण्याच्या जागेवरून जातो, म्हणजे पॉन्सच्या पुढच्या सिस्टर्नमध्ये, तिथे एक. समजा पॉन्समध्ये पट्ट्यात १४ आले, शेजारी ३२ आले, आणि सिस्टर्नमध्ये उणे ७ आले. मेंदूच्या पाण्याचा आकडा शून्यापासून साधारण १५ पर्यंत असतो, तो उणे होण्याचे कारण नाही. कोणताही इन्फार्क्ट सिस्टर्नमधल्या पाण्याची घनता कमी करत नाही. पाणीही काळे पडले आहे म्हणजे तिथे ऊती बदललेली नाही, मोजमाप बदललेले आहे.

दुसरी खूण त्या आकड्याच्या उतरणीत आहे. इन्फार्क्टमध्ये ऊतीत एक टक्का पाणी वाढले तर आकडा साधारण अडीचने उतरतो, म्हणून पहिल्या काही तासांत उतार अगदी थोडा असतो आणि डोळ्याला कष्टाने दिसतो. संध्याकाळी पडलेल्या माणसाच्या पॉन्समध्ये रात्री नऊला एवढा ठळक काळेपणा असेल, तर तो नुकत्याच झालेल्या इन्फार्क्टचा असू शकत नाही. तो एकतर बराच जुना असेल किंवा खोटा असेल.

तिसरी खूण आकाराची आहे. पॉन्सला रक्त पुरवणाऱ्या बारीक शाखा मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या शिरतात, त्यामुळे पॉन्सचा इन्फार्क्ट बहुतेक वेळा एका बाजूला राहतो आणि मध्यरेषेशी थांबतो. सरळ रेषेत दोन्ही बाजू ओलांडणारा आणि दोन्ही टोके थेट हाडाला टेकलेली असा पट्टा रक्तवाहिनीच्या हिशेबात बसत नाही, तो हाडांच्या हिशेबात बसतो.

आता डाव्या बाजूची कडा. काका सारखे उठत होते, हेच तिचे उत्तर आहे. यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारते तेव्हा संपूर्ण फेरीभर डोके स्थिर आहे असे धरून गणित करते. फेरीच्या सुरुवातीला कवटी एका जागी आणि शेवटी दोन मिलिमीटर सरकलेली असेल, तर यंत्र तिची कड दोन ठिकाणी काढते. मेंदूत आकड्यांचा फरक थोडा असल्यामुळे हे लपून जाते, पण हाड आणि मेंदू यांच्या सीमेवर फरक हजाराच्या घरातला असतो, म्हणून हाडाची फिकट सावली आतल्या बाजूला पांढऱ्या कोरीसारखी उमटते. हाड नीट दिसणारी पडद्याची मांडणी, म्हणजे हाडाची विंडो, उघडून त्याच तीन स्लाइस पाहा. कवटीला दुहेरी कड दिसेल, तिथली कातडीही दुहेरी दिसेल, आणि बहुधा समोरच्या बाजूला तशीच काळी कोर असेल. सबड्यूरल कातडी दुहेरी करत नाही.

त्याहून खात्रीचे म्हणजे डोके समोरून उभे कापल्यासारखी दिसणारी कोरोनल प्रतिमा. खरा सबड्यूरल वर-खाली हळूहळू निमुळता होत जातो आणि त्याखालच्या वळ्या दबलेल्या असतात. हालचालीची कड ज्या स्लाइसमध्ये डोके हलले तिथेच अचानक सुरू होते आणि अचानक संपते, आणि त्याच उंचीवर कवटीच्या बाह्यरेषेत पायरी दिसते. ही पायरी सापडली की कड कशाची आहे ते ठरते.

तिसऱ्या गोष्टीबद्दल मला काळजी वाटते, कारण तिथे तुम्ही कारण बरोबर ओळखले आणि ओळखल्यामुळेच थांबलात. रेघा बाळीच्या आहेत हे कळल्यावर खरा प्रश्न सुरू होतो, की या रेघांच्या खाली कोणता भाग झाकला गेला आहे. सोने इतके जड आहे की काही दिशांनी झोत जवळजवळ पलीकडे पोहोचतच नाही. डिटेक्टरवर जे थोडे पडते ते गोंगाटात जमा होते, आणि त्या दिशेची माहिती हाती राहत नाही. ते बीम हार्डनिंगपेक्षा अधिक गंभीर नुकसान आहे. कानाच्या वरच्या कडेच्या पातळीवर पीट्रस हाडे, मागच्या लहान मेंदूचा म्हणजे सेरेबेलमचा काही भाग आणि दोन्ही टेम्पोरल लोबचे तळ येतात. मार लागलेल्या माणसात कन्ट्युजन बसण्याच्या आवडत्या जागांपैकी टेम्पोरल लोबचा तळ ही एक जागा आहे. म्हणून तिथे «रेघा आहेत» एवढी नोंद पुरत नाही. «हा भाग वाचता आलेला नाही» हे लिहावे लागते.

गोदातीर

मी नांदेडला सीटी टेक्निशियन आहे. बालाघाट मॅडमनी वाचनाचे सांगितले, मी टेबलावरचे सांगतो, कारण यातले निम्मे काम प्रतिमा निघण्याआधीच करता येते.

बाळी, नथ, केसातल्या पिना, कवळी, मंगळसूत्र हे सगळे काढल्याशिवाय मी सुरू करत नाही. बाळी निघत नसेल तर बारीक कटरने कापतो. नातेवाईक सुरुवातीला नाराज होतात, पण सोनाराकडे ती सांधून मिळते हे सांगितल्यावर बहुतेक जण मान्य करतात. अगदीच नाही म्हणाले, तर कानाची वरची कड चिकटपट्टीने पुढे किंवा मागे वळवून बाळी मेंदूच्या महत्त्वाच्या भागाच्या पातळीतून हलवता येते का ते पाहतो.

हनुवटी थोडी छातीकडे आणून डोके ठेवले, किंवा यंत्रात सोय असेल तर त्याची गोल चौकट म्हणजे गॅन्ट्री कलवली, की झोताची पातळी बदलते आणि पीट्रस हाडांचा पट्टा पॉन्सच्या नेमक्या मध्यातून जात नाही. कपाळ आणि हनुवटीवर पट्टा लावतो, दोन्ही कानांच्या बाजूंना फोमच्या पाचरी घालतो, आणि घरच्यांपैकी एकाला शिशाचा ॲप्रन घालून पायाशी उभे करून रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलत राहायला सांगतो. गर्भवती बाईला मात्र कधी उभे करत नाही.

आणि पट्टा हमखास घालवायचा असेल तर १२० केव्हीऐवजी १४० केव्हीवर घ्यावे. जोरकस किरण वापरले की बीम हार्डनिंग राहत नाही, धातूच्या रेघाही जातात.

कुंडलिकातीर

माझा प्रश्न याच विषयाचा आहे असे मला वाटते, म्हणून इथेच विचारतो. माझ्या आईचे, वय ७१, उजव्या खुब्याचे सांधेरोपण चार वर्षांपूर्वी जालन्यात झाले. आता मांडीत दुखते म्हणून सीटी केले. रिपोर्टमध्ये रॉडभोवती काळी किनार असून सांधा सैल झाल्याची शक्यता आहे, असे लिहिले आहे. डॉक्टर पुन्हा शस्त्रक्रियेचे बोलत आहेत. धागा वाचून असे वाटते की धातूभोवतीचे सगळे काळे खोटे असते. मग आम्ही शस्त्रक्रिया टाळावी का?

बालाघाट

कुंडलिकातीर दादा, धातूभोवतीचे सगळे काळे खोटे असते असे मी म्हटलेले नाही, आणि तसे धरून शस्त्रक्रियेचा निर्णय कृपया घेऊ नका. रॉडभोवती हाड झिजून सैलपणा आला तर खरी काळी किनारही दिसते. अडचण ही आहे की धातूमुळे येणारी खोटी किनारही तशीच दिसू शकते, आणि धातूच्या रेघा कमी करणारे सॉफ्टवेअर वापरलेले असेल तर ते सॉफ्टवेअर स्वतःच धातूच्या कडेला काळी किनार निर्माण करू शकते. ते धातूजवळची गहाळ माहिती शेजारच्या आकड्यांवरून अंदाजाने भरते, आणि अंदाज धातूच्या कडेलाच सर्वांत कच्चा असतो.

तुम्ही एवढेच करा. जिथे सीटी केले तिथे विचारा की सॉफ्टवेअरची दुरुस्ती केलेली आणि न केलेली अशा दोन्ही मालिका आहेत का, आणि दोन्ही सर्जनांना दाखवा. दोन्हींत किनार त्याच जागी, त्याच रुंदीची असेल तर तिला वजन आहे. केवळ दुरुस्त मालिकेतच असेल तर नाही. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचे जुने साधे एक्स-रे शोधून काढा, कारण चार वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या एक्स-रेत रॉड खाली सरकला आहे का, किनार वाढली आहे का, हे सीटीपेक्षा सरळ कळते. त्याच्या जोडीला जंतुसंसर्ग नाही ना याच्या रक्ततपासण्या सर्जन सांगतीलच.

गोदातीर दादा, टेबलावरच्या तुमच्या सगळ्या सूचना मी माझ्या मुलांना दाखवणार आहे. हनुवटी छातीकडे आणण्याचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आहे. फक्त मार लागलेल्या माणसाच्या मानेला इजा नाही याची खात्री होईपर्यंत मान वाकवू नये. तोवर गॅन्ट्रीच कलवावी.

१४० केव्हीबद्दल मात्र मी पूर्ण सहमत नाही. त्याने पट्टा कमी होतो, जात नाही. सोन्याच्या बाबतीत तर झोत १४० वरही पुरेसा पलीकडे पोहोचत नाही. शिवाय केव्ही वाढवले की मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागातला आधीच थोडा असलेला फरक आणखी कमी होतो, म्हणजे इन्फार्क्ट शोधायलाच प्रतिमा कच्ची पडते, आणि करंट त्याच प्रमाणात उतरवला नाही तर डोसही वाढतो. मी १४० वापरते ते खुब्यातल्या रॉडसाठी किंवा मणक्यातल्या स्क्रूसाठी. डोक्यासाठी वापरत नाही.

गोदातीर

मॅडम, करंटचे मान्य आहे, पण आमच्याकडे पॉन्सच्या पातळीपुरत्या स्लाइस १४० वर घेऊन पाहिल्या आहेत, आणि आमच्या डॉक्टरांना त्या वाचायला बऱ्या वाटल्या. मी डोक्याच्या सगळ्याच सीटीबद्दल बोलत नव्हतो, हे मी आधी स्पष्ट करायला हवे होते. सोन्याचे तुमचे खरे आहे, तिथे मी जास्त बोललो.

तेरणा

मी धाराशिवला फिजिशियन आहे. इथे प्रतिमेची चर्चा चांगली चालली आहे, पण मांजराकाठ डॉक्टर स्वतःला ज्यासाठी दोष देत आहेत त्यातला एक भाग मला पटत नाही. ६० च्या वरचे वय, डोक्याला मार, दोन उलट्या आणि शांत न होणारी अस्वस्थता, एवढ्यावरच हा रुग्ण न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी निरीक्षणाखाली असायला हवा होता. सीटी कोरे आले असते तरी मी त्याला पाठवले असते. म्हणून पाठवण्याचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही, फक्त चिठ्ठीवर लिहिलेले कारण चुकले.

आणि रुग्ण का पडला, हा प्रश्न पट्टा खोटा ठरल्याने मिटत नाही. ब्रेनस्टेम आणि सेरेबेलमचा लवकरचा इन्फार्क्ट साध्या सीटीत दिसत नाही हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पट्टा खोटा असला तरी त्याच्याखाली खरा इन्फार्क्ट असू शकतो. त्यासाठी एमआरआय झाले का?

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तेरणा सर, एमआरआय दुसऱ्या दिवशी झाले, पॉन्स आणि सेरेबेलम स्वच्छ होते. काका का पडले याचे उत्तर अखेर त्यांच्याकडूनच मिळाले. कापणी केलेल्या सोयाबीनची गंजी झाकायला ते अंधारात ताडपत्री घेऊन निघाले होते आणि ताडपत्रीचे टोक चाकात गेले. हे मी त्या रात्री विचारलेच नव्हते. पट्टा दिसल्यावर पडण्याचे कारण मला मिळाले आहे असे मी धरून चाललो होतो.

बालाघाट मॅडम, तुमचे उत्तर वाचल्यावर मी सेंटरवर जाऊन जुनी प्रतिमा पुन्हा उघडली. सिस्टर्नमधला आकडा उणे ९ आहे, आणि पट्ट्यातल्या पॉन्समध्ये १६. हाडाच्या विंडोत तीनही स्लाइसमध्ये डाव्या कवटीला दुहेरी कड आहे, कातडीलाही आहे. कोरोनलमध्ये पायरी आहे. हे सारे त्या रात्रीही तिथेच होते, मी मेंदूच्या विंडोतून बाहेर आलो नव्हतो.

माझा उरलेला प्रश्न उजव्या टेम्पोरलचा आहे. ते कन्ट्युजन पहिल्या सीटीत होते आणि रेघांखाली झाकले गेले होते, की तेव्हा नव्हते आणि पहाटेपर्यंत वाढून दिसू लागले? नातेवाईक विचारत नाहीत, पण मला विचारावेसे वाटते.

गोदातीर

डॉक्टर साहेब, तुम्हाला ५ मिलिमीटरच्या जाड स्लाइस दिलेल्या असतील. जाड स्लाइसमध्ये हाडाचा आणि मेंदूचा आकडा एकाच घरात मिसळतो, त्यामुळे कवटीच्या तळाशी रेघा आणखी दाट दिसतात. सेंटरवर रॉ डेटा शिल्लक असेल तर त्यावरून रुग्णाला पुन्हा न बोलावता साधारण एक मिलिमीटरच्या स्लाइस काढून मिळतात. मात्र घाई करा. रॉ डेटाची जागा मर्यादित असते, नवे रुग्ण येत गेले की यंत्र जुना डेटा आपोआप पुसत जाते. आमच्याकडे तो काही दिवसच टिकतो. महिना झाला म्हणजे आशा कमी आहे, पण रात्री फार सीटी होत नसतील तर विचारून पाहा.

मांजराकाठ

चार दिवसांनी लिहीत आहे. रॉ डेटा पुसला गेलेला होता. परंतु त्या रात्री टेक्निशियनने फ्रॅक्चर पाहण्यासाठी हाडाच्या सेटिंगवर सव्वा मिलिमीटरच्या स्लाइस काढून ठेवल्या होत्या, त्या मिळाल्या. त्यांवर दाणे खूप आहेत. उजव्या टेम्पोरलच्या तळाशी, एका पांढऱ्या रेघेच्या अगदी शेजारी, ४ मिलिमीटरचा थोडा उजळ ठिपका दिसतो, आकडा ५८ येतो. ताजे रक्त साधारण तेवढेच मोजते. मी आनंदाने तो पहाटेच्या सीटीवर ठेवून पाहिला, जागा जवळपास तीच आहे. पण सेंटरचे टेक्निशियन म्हणतात की ते रेघेचे टोक आहे.

बालाघाट

तुम्ही पाठवलेल्या प्रतिमा पाहिल्या. मी ठिपक्याला रक्त म्हणणार नाही, आणि तिथे रक्त नाही असेही म्हणणार नाही. कारणे सांगते. हाडाच्या सेटिंगवर कडा मुद्दाम तीव्र केलेल्या असतात, त्यामुळे मेंदूतले आकडे भरवशाचे राहत नाहीत. तुमचा ५८ हा आकडा शेजारच्या रेघेने वर ओढलेला असू शकतो. मी त्याच रेघेवर, ठिपक्यापासून दीड सेंटिमीटर पुढे, मेंदूच्या निरोगी भागात मोजले तर ४९ आणि ५३ आले. म्हणजे या रेघेवर ५८ येण्यासाठी रक्ताची गरज नाही. दुसरीकडे, ठिपका लागोपाठ तीन स्लाइसमध्ये एकाच जागी आहे आणि त्याच्याभोवती बारीक काळपट कडा आहे, जी रेघेच्या बाकीच्या लांबीत कुठे नाही. ही बाब रक्ताच्या बाजूने जाते.

कन्ट्युजन पहिल्या २४ तासांत वाढते हे नेहमीचे आहे, त्यामुळे ४ मिलिमीटरचे पहाटे ९ होणे शक्य आहे, आणि शून्याचे ९ होणेही शक्य आहे. या प्रतिमांवरून यापुढे जाता येत नाही.

तेरणा

मी ती प्रतिमा पाहिली तर रक्त म्हणेन. काळपट कडा मला पुरेशी वाटते, आणि मार लागलेल्या माणसात त्या जागी रक्त असण्याची शक्यता आधीच जास्त आहे. मॅडमचा सावधपणा मला समजतो, पण रुग्णाच्या बाजूने चूक करायची असेल तर मी आहे म्हणण्याची करीन.

बालाघाट

सर, उपचाराच्या दृष्टीने तुम्ही आणि मी तेच करू, रक्त असल्यासारखे वागू आणि ॲस्पिरिन देणार नाही. फरक रिपोर्टच्या शब्दांत आहे. मी «रक्त आहे» असे लिहिले आणि पहाटे ते मोठे दिसले, तर न्यूरोसर्जन ते दुपटीने वाढले असे समजतील आणि त्यांचा निर्णय त्या वाढीवर अवलंबून असेल. ती वाढ खरी नसेल तर मी त्यांना चुकीच्या दिशेने ढकलले. म्हणून त्या रात्री माझ्याकडे हे सीटी आले असते तर मी असे लिहिले असते:

«डाव्या कानातील धातूच्या रेघांमुळे दोन्ही टेम्पोरल लोबचे तळ आणि सेरेबेलमचा वरचा भाग वाचता येत नाही. उजव्या टेम्पोरलच्या तळाशी ४ मिलिमीटरचा उजळ ठिपका, रक्त की आर्टिफॅक्ट हे ठरवता येत नाही. पॉन्समधील आडवा पट्टा बीम हार्डनिंगचा आहे, त्यामुळे पॉन्समधील लवकरचा इन्फार्क्ट या तपासणीने नाकारता येत नाही. डाव्या बाजूची कवटीलगतची कडा हालचालीची आहे. धातू काढून, रुग्ण स्थिर असताना, कवटीच्या तळापासून पीट्रस हाडांच्या वरपर्यंतचाच भाग आणि हालचालीच्या तीन स्लाइस पुन्हा घ्याव्यात.»

बाळी कापायला दहा मिनिटे लागली असती. तेवढाच भाग पुन्हा घेतला असता तर डोसही संपूर्ण डोक्याच्या सीटीपेक्षा बराच कमी पडला असता, आणि गाडीत बसवण्याआधी हा प्रश्न सुटला असता.

मांजराकाठ

मॅडम, हा मजकूर मी जसाच्या तसा उतरवून घेतला आहे. सेंटरच्या मालकांशी बोलून कटर टेबलाशेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे.

काका परवा तपासणीला आले होते. कन्ट्युजन विरघळत आले आहे, चालणे व्यवस्थित आहे. बाळी सांधून पुन्हा कानात घातली आहे, या वेळी काढता येईल अशी.